लेखकांचा क्रम

माझी एक जुनी विद्यार्थिनी रिसोडहून बायोडाटा दाखवायला आमच्या विभागात आली. सहायक प्राध्यापकाच्या जागेसाठी तिची मुलाखत होती. सहा वर्षं ती तासिका तत्त्वावर शिकवत होती, पण ते शेवटच्या पानावर एका ओळीत उरकलेलं. पहिली दोन पानं कार्यशाळांच्या प्रमाणपत्रांनी भरली होती.

मी प्रमाणपत्रं खोडली आणि शिकवलेले वर्ग, विषय वर घेतले. परिषदेत वाचलेला आणि पुढे छापलेला एकच लेख तिने दोन लेख म्हणून मोजला होता, तो एक केला. नवे लेख आधी, जुने नंतर लावले.

सोयाबीनच्या खोडमाशीवरच्या लेखापाशी मात्र पेन थांबलं. तिचं नाव आधी होतं, माझं नंतर. छापताना उलटं होतं.

"नावांचा क्रम छापला तसाच लिहावा लागतो. समिती मूळ लेख बघते," मी म्हणालो.

"मले मालूम आहे, सर. पण वावरात मी फिरली, लिहिलं बी मीच. तुमी सोताचं नाव पयलं टाकलं, तवा मी काई म्हटलं नाई."

मी उठून खिडकीपाशी गेलो, परत येऊन बसलो. क्रम छापल्याप्रमाणे करायला लावला. मग शिफारसपत्रात लिहिलं की या लेखाचं काम आणि लेखन तिचंच आहे, माझं नाव आधी यायला नको होतं.

"हे समितीले दाखवू?"

"दाखव."

तिची निवड झाली. तिने फोन करून कळवलं. लेखाचा विषय तिने काढला नाही, आणि ते पत्र समितीला दाखवलं का, हे विचारायचा धीर मला झाला नाही.