मिटलेले डोळे आणि सुळे

सतरा वर्षे जिने अनाथ पिल्ले वाढवली, तिला हातातल्या पिल्लाचे वय कसे कळले नाही? शेजारच्या मावशींच्या यजमानांनी आमच्या इमारतीच्या जिन्यात मला हे विचारले.

जनावरांच्या दवाखान्यात मावशींना सगळे बाटलीमावशी म्हणत. आई मेलेली किंवा टाकून गेलेली मांजराची पिल्ले डॉक्टरीणबाई त्यांच्याकडे सोपवीत आणि मावशी ती घरी बाटलीने वाढवीत. नव्याने हे काम शिकणाऱ्यांना त्यांचे पहिले सांगणे ठरलेले असे. ‘वजनावर जाऊ नका, उपाशी पिल्लाचं वजन खोटं बोलतं. डोळे बघा.’ पहिल्या आठवड्यात डोळे बंद आणि कान डोक्याला चिकटलेले. दुसऱ्यात डोळे उघडतात, निळसर, धूसर. तिसऱ्यात कान उभे राहतात, पुढचे दात हिरडीतून डोकावतात आणि पिल्लू झोकांड्या खात पावले टाकते. चौथ्यात सुळे येतात आणि चाल सावरते. हा क्रम त्यांच्या इतका अंगवळणी पडला होता, की त्याची पहिली पायरी पाहिली की पुढच्या तपासायची गरज त्यांना भासत नसे.

२०११ च्या पावसाळ्यात एका गोदामातल्या रिकाम्या पोत्यांत दोन पिल्ले सापडली, एक राखी आणि एक काळे. मुठीत मावतील एवढी ती हडकुळी होती आणि दोघांचेही डोळे घट्ट मिटलेले होते.

“आठवड्याची असतील,” मावशी म्हणाल्या. डॉक्टरीणबाई एका कुत्र्याचा पाय शिवत होत्या. त्यांनी मान वर न करताच होकार दिला.

दोन दिवस दर तीन तासांनी बाटली चालली. तिसऱ्या सकाळी काळे पिल्लू खोक्याची कड ओलांडून चक्क चालत स्वयंपाकघरापर्यंत आले.

“अहो, बघा तरी, आठवड्याचं पोर फिरायला निघालं!” मावशी हसल्या.

“तुझ्यावर गेलंय,” यजमान म्हणाले. “घरात पाय टिकत नाही.”

थोड्या वेळाने दूध पाजताना बाटलीचे रबरी टोक कटकन तुटले आणि तुकडा पिल्लाच्या तोंडात राहिला. तो काढायला मावशींनी बोट घातले आणि झटक्याने मागे घेतले. बोटाच्या टोकावर रक्ताचा ठिपका होता.

“दात आहेत हिला.”

“हिरडी असेल, नीट बघ.”

“हिरडी चावते का हो कधी? ती तुमची काच आणा.”

यजमान घड्याळे दुरुस्त करीत. डोळ्याला काच लावून ते पिल्लाच्या तोंडात बराच वेळ पाहत राहिले. “पुढे बारीक दातांची रांग आहे. आणि बाजूला दोन सुळे.” मग त्यांनी काच काढली. “पण डोळे कुठे उघडलेत अजून?”

आता मावशींना ताठ उभे कान दिसले. पापण्या नुसत्या मिटलेल्या नव्हत्या; त्यांच्याखाली काहीतरी साचून त्या टरारून फुगल्या होत्या. ही पिल्ले महिन्याच्या आसपासची होती. त्यांचे डोळे कधीच उघडायला हवे होते, आणि बंद पापण्यांच्या आड ते इतके दिवस नासत होते. मग पदराखाली दोन्ही पिल्ले घेऊन, पायात चपला न घालताच, त्यांनी दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंनी कोमट पाण्यात भिजवलेला कापूस पापण्यांवर धरून ठेवला. चिकटलेली कड नाकाच्या बाजूने हळूहळू सुटू लागली आणि पिवळा, दाट पू गालावरून ओघळला. राख्या पिल्लाचा एक डोळा पांढुरका निघाला. दुसऱ्यात बाहुली दिसली, तेव्हा मावशींनी सुस्कारा सोडला. काळ्याची पाळी आली. पहिली पापणी उघडली आणि आत डोळ्याच्या जागी नुसता चुरगळलेला गोळा होता. दुसरीकडेही तेच.

“धुऊन बघा ना,” मावशी म्हणाल्या. “धुतल्यावर दिसेल.”

“मावशी, बुबुळं फुटलीत. दोन्ही.”

“माझ्याकडे होती तेव्हा?”

“आधी की तेव्हा, कसं सांगू? आणली त्या दिवशी तोंड मीही उघडून पाहिलं नाही.” डॉक्टरीणबाईंनी कापूस बाजूला ठेवला. “जंतुसंसर्ग झाला की पापण्या सुटत नाहीत, नाहीतर पुन्हा चिकटतात. पण दात त्यासाठी थांबत नाहीत, आणि पायही.”

“मी हसले हो, ती चालली तेव्हा,” मावशी म्हणाल्या.

राख्याला मलम आणि औषध लागू पडले. त्याचा एक डोळा वाचला आणि पुढे त्याला घरही मिळाले. काळीचे दोन्ही डोळे काढावे लागले. ती मावशींकडेच राहिली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये, साडेबारा वर्षांची होऊन, मूत्रपिंडाच्या विकाराने गेली.