दादाच्या बाजूने लावलेले पत्रे

पोलादपूरला आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी आमची वर्कशॉपची शेड आहे. तिच्या छपराचे आडवे पाईप, ज्यांना आम्ही पर्लिन म्हणतो, ते थोरल्या भावाने जोडले. दुकानदार म्हणाला होता, पाच फुटांवर एक टाका, लोखंड वाचेल. दादाने चार फुटांवर टाकले, आणि खालच्या कडेला तर तीनच फुटांवर, कारण वारा पत्रा कडेलाच उचलतो. लोखंडाच्या बाबतीत तो कुणाचं ऐकायचा नाही.

मग पत्रे कुठल्या टोकापासून लावायचे यावरून त्याचं बाबांशी वाजलं. एका पत्र्याची कड शेजारच्या पत्र्यावर चढते, तिचं तोंड वाऱ्याला पाठ करून हवं, नाहीतर पाऊस त्या फटीतून आत ढकलला जातो. पाऊस समुद्राकडून येतो, म्हणून आमच्याकडे सगळे घाटाच्या टोकाला पहिला पत्रा टाकतात आणि महाडच्या दिशेने चढवत जातात.

दादा म्हणाला, "बाबा, हितं वारा डोंगराला आपटून उलटा फिरतो. महाडच्या टोकापासनं लावूया."

"आजवर कुणी लावलाय काय तसा?" बाबांनी विचारलं. विषय तिथेच राहिला.

त्याच आठवड्यात दादा हायवेवरच्या अपघातात गेला. दिवसकार्य झाल्यावर बाबांनी पत्रे लावून घेतले, रीतीप्रमाणे घाटाच्या टोकापासून.

पावसाळा लागला आणि शेडमध्ये एकच जागा गळू लागली. नेमकी दादाच्या लेथवर, लोखंड कातायच्या मशीनवर, जिथे तो उभा राहायचा तिथे. बाकी जमीन कोरडी ठाक. मी वर चढून एकेक स्क्रू पाहिला. सगळे पन्हळीच्या माथ्यावर, रबरी वॉशर नुसतं दाबलेलं, चेपून बाहेर आलेलं नाही. कुठे चूक नाही. तरी जोराची सर आली की थेंब तिथेच.

त्याहून वाईट म्हणजे तो आवाज. सर ओसरून ऊन पडलं की वर टक व्हायचं. खालच्या कडेला आधी, मग पुढच्या पर्लिनवर, मग त्याच्या पुढच्या. पत्र्यावर चालायचं तर पर्लिन पाहून पाय टाकायचा असतो, आणि दादा तसाच चालायचा. ऊन लागून पत्रा ताणतो, हे मी गिऱ्हाइकांना हसत सांगत आलोय. त्या दिवसांत मात्र मला हसू येत नव्हतं. सरळ सांगतो, भीती वाटायची.

बाबा लेथ विकायला निघाले. "त्याचा जीव अडकलाय हिच्यात. घराबाहेर जाऊ दे."

लेथ आता वहिनी चालवत होती. दादानेच तिला शिकवलं होतं, आणि त्याच्या मागे तिच्याजवळ तेवढंच उरलं होतं. ती रोज लेथवरचा गंज पुसायची, तेल लावायची, ताडपत्री घालायची, आणि गळतीखाली बादली न ठेवता स्टीलचा पेला ठेवायची. मला तो पेला बघवत नसे.

"येत असतील तर येऊ देत," ती म्हणाली. "मशीन नाय विकायचं."

एका दुपारी धो धो पाऊस असताना मी शिडीवर चढून पत्र्याच्या पोटाशी हात नेला. लेथच्या वर तसूभरही भोक नव्हतं. पाणी येत होतं लांबून, घाटाच्या अंगाने. जोडाजोडांतून आत शिरून, पत्र्याला चिकटून उतरून, पर्लिनच्या कडेने सरकत तिच्या किंचित झुकलेल्या भागाशी यायचं आणि तिथून लेथवर पडायचं. मी तळहात एका जोडाशी धरला. गार वारा तोंडावर आला. घाटाकडून. दादा म्हणाला होता तसा.

उघडीप मिळताच पत्रे उतरवले. महाडच्या टोकापासून पुन्हा लावले, दीड पन्हळ चढवून, जोडात चिकट पट्टी घालून, जुन्या भोकांत एका नंबराने जाड स्क्रू मारून. दोन पर्लिनच्या मधेही जोड स्क्रूने शिवला. बाबा खाली उभे राहून एकेक पत्रा वर देत होते.

पुढची सर तिरपी आणि दांडगी आली. लेथ कोरडी राहिली. बाबा तिच्यावर हात फिरवून म्हणाले, "ठेव गो पोरी तुझं मशीन." आणि ओसरीवर जाऊन बसले.

वहिनीने पेला उचलला. आत थेंब नव्हता. तिला आनंद होईल असं मला वाटलं होतं. ती पेला पोटाशी धरून रडू लागली.

"आता यायचे नायत ते," ती म्हणाली.

एवढ्यात ऊन पडलं आणि वर टक झालं. खालच्या कडेला. मग पुढच्या पर्लिनवर. लेथच्या वर येऊन आवाज थांबला. वहिनीने डोळे पुसले.

"सांगा त्यांना, भावजी," ती हळूच म्हणाली. "तुमच्या बाजूनंच लावलेत म्हणावं."

पत्रा तापला की वाजतो, हे मला ठाऊक होतं. मी मान वर केली आणि सांगितलं, "दादा, तुझ्या बाजूनं लावलेत रे."

त्यावर कितीतरी वेळ पत्रा वाजला नाही.