एका कोयत्यात दोन अर्धे

१८ ऑक्टोबर २०२४. नागसेनच्या घरात दोन जीव. उन्हाळ्यात त्याची बायको कांता वारली, तोवर तीन होते.

त्याची मुलगी अक्षता घनसावंगी तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत सहावीत होती. तिथे गणित शिकवणाऱ्या बेबीनंदा मॅडम स्वतः ऊसतोड मजुराच्या पोटच्या. एका शिक्षिकेच्या हट्टामुळे त्या उसाच्या फडातून सुटल्या होत्या. अपूर्णांकाने भागताना ‘उलटा करा नि गुणा’ एवढे सांगून मोकळे होणे त्यांना अप्रामाणिक वाटे.

त्या दिवशी त्यांनी पुठ्ठ्याचे तीन गोल पिझ्झे कापून आणले होते.

“मॅडम, खरा आनायचा की!” अक्षता म्हणाली.

“खरा आणला तर शिकवायला उरेल का? बघ, एकेकाचा वाटा पाऊण पिझ्झा. तीन पिझ्झे किती जणांना पुरतील?”

“तीन भागिले तीन-चतुर्थांश. उलटं करून चार. पन भागल्यावर कमी व्हायला पायजे. वाढलं कसं?”

“वाढले ते वाटे, पिझ्झे तेवढेच. वाटा अख्ख्याहून लहान, म्हणून जास्त वेळा बसतो. प्रत्येक पिझ्झ्याचे चार तुकडे कर.”

“बारा झाले.”

“म्हणजे चाराने गुणलेस. आता वाट्याला तीन तुकडे.”

अक्षताने तीन-तीनचे ढीग लावले. “चार ढीग! म्हंजी तिनानं भागलं. चारानं गुणा, तिनानं भागा… म्हनून उलटं करायचं!”

आई गेल्यापासून ती प्रथमच हसली. मॅडमनी मनाशी ठरवले, ही पोर फडात जाऊ द्यायची नाही.

तेवढ्यात नागसेन दारात आला. “चल अक्षे, ऊसतोडीची टोळी निघून राह्यली.”

“टोळी परतेपर्यंत तिला इथल्या हंगामी वसतिगृहात ठेवा, नागसेनभाऊ. मी जबाबदार.”

“ठेवली असती, मॅडम. पन नवरा-बायको मिळून एक कोयता. कांता गेली, आता मी अर्धा. मुकादम म्हन्तो, अर्धा कोयता घेत न्हाई. मोळ्या बांधायला हिला घेतली तरच पुरा धरतो.”

“कायद्याने हे चालत नाही.”

“कायदा फडात येतो का कधी?”

अक्षता पुठ्ठ्याकडे पाहत होती. तिने हळूच विचारले,

“एक भागिले एक-द्वितीयांश म्हंजी दोन ना? एका कोयत्यात अर्धे दोन बसतेत. पप्पा एक अन् मी एक. बराबर ना, मॅडम?”

शिक्षिकेने खोटे कसे बोलावे? “बरोबर आहे,” त्या म्हणाल्या, आणि पुठ्ठ्याचे तुकडे गोळा करू लागल्या.

नागसेनने मान खाली घातली. मुलीने दप्तर बाकावर ठेवले आणि बापाच्या मागे निघाली.

सरकार, कारखाना, मुकादम आणि शाळा या सर्वांकडे अक्षताचे सहावीचे वर्ष येणे आहे. ते अद्याप कोणीही चुकते केलेले नाही.