मे महिन्यातला ओला रस्ता

कोरड्या फोटोतला रस्ता ओला करून द्यायचं काम माझ्याकडे उन्हाळ्यातच येतं. पावसाळ्यात ओल्या रस्त्याचं कौतुक कुणालाच नसतं, तेव्हा सगळे चिखलाच्या नावानं बोटं मोडत असतात. काचीगुड्याला, स्टेशनच्या मागच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर माझी एक खोली आहे. तिला मी स्टुडिओ म्हणते, बाकीचे फोटोवाल्या बाईंची खोली म्हणतात. खिडकीला जाड काळा पडदा आहे. कॉम्प्युटरवरचे रंग नीट दिसायला खोलीत अंधार लागतो, म्हणून भर दुपारीही माझ्याकडे संध्याकाळ असते.

अशाच एका दुपारी बरकतपुऱ्याच्या काकू जिना चढून आल्या. नात्याच्या कुणी नव्हेत. पण हैदराबादेत मराठी बोलणारी वयस्क बाई भेटली, की ती पाच मिनिटांत काकू होते. त्यांनी धापा टाकत पाणी मागितलं, अर्धा तांब्या संपवला आणि पदराच्या गाठीतून पेन ड्राइव्ह काढला.

"भाच्यानं फोनवर करून दिला होता गं," त्या म्हणाल्या. "एका मिनिटात रस्ता ओला झाला. पण मीच दुसरी कुणी झाले. नाक बघ ना माझं. असं नाक आमच्या सात पिढ्यांत नाही!"

मला हसू आलं आणि बरंही वाटलं. सगळं बटणावर होतं म्हणणाऱ्यांचा मला राग आहे, त्यामुळे अशी बोंब झाली की मी मनातल्या मनात पेढे वाटते.

मूळ फोटो त्यांच्या यजमानांनी काढलेला होता. चिक्कडपल्लीचा रस्ता, रात्रीची वेळ, दुकानांच्या पाट्या उजळलेल्या, औषधाच्या दुकानाचं हिरवं अधिकचिन्ह, कडेला उभी एक रिक्षा. मधोमध काकू, हातात भाजीची पिशवी, चेहऱ्यावर 'आटपा आता' असं स्पष्ट लिहिलेलं. फोटो चांगलाच होता, पण रस्ता कोरडा, धुळकट, राखेच्या रंगाचा.

"रिटायर झाल्यावर कॅमेऱ्याचा नाद लागला त्यांना," काकू सांगत होत्या. "हा फोटो दहादा उघडून बघायचे आणि म्हणायचे, रस्ता ओला असता तर सोनं झालं असतं. पावसात पुन्हा इथंच उभं करतो तुला, बोल्ले. मी म्हटलं, हौ, भिजून मरते मी तुमच्या फोटोपायी. वळवाचा पाऊस आला तेव्हा दवाखान्यात होते." मग तांब्या बाजूला सारून म्हणाल्या, "आठ दिवसांनी वर्षश्राद्ध आहे. त्यांच्या मनातला फोटो त्या दिवशी घरात लावायचाय मला. तेवढं राहिलंय बघ."

मी हो म्हणाले. नाही म्हणायची ताकद नव्हती.

पुढचे चार दिवस मी पडद्याआड पाऊस पाडत बसले. बाहेर डांबर वितळत होतं. मी आधी रस्ता साफ केला. कागदाचे कपटे, पानाच्या पिचकाऱ्या, आणि खालच्या कडेतून आत आलेली फोटो काढणाऱ्याची लांब सावली. हौशी माणसांच्या फोटोत ती हमखास असते, दिवा पाठीशी घेऊन उभे राहतात. माझा हात ती न विचारताच पुसतो, ताटातला केस काढावा तशी.

मग रस्ता गडद केला, कारण ओलं डांबर काळं दिसतं. पाट्या, दिवे, रिक्षा, काकू, एकेकाची प्रत काढून ती खाली डोकं वर पाय अशी उलटी केली आणि ज्याच्या त्याच्या बुडाशी टेकवली. नवशिके इथंच फसतात. सगळा फोटो एकाच रेषेवर उलटा करतात आणि माणूस पावलांपासून सुटून हवेत तरंगतो. काकूंचं प्रतिबिंब त्यांच्या चपलांपासूनच निघायला हवं होतं. मग त्या उलट्या प्रती उभ्या दिशेनं ओढून पुसट केल्या, कारण डांबर काही आरसा नव्हे, त्याच्या खडबडीतपणानं दिव्याचा ठिपका लांबट पट्टा होतो. लांबचा रस्ता जास्त चकाकतो, पायाजवळचा कमी, तशी चमक हळूहळू उतरवली. प्रतिबिंब दिव्याहून उजळ होऊ द्यायचं नाही, नाहीतर नाकापेक्षा मोती जड.

तिसऱ्या दिवशी हिरवं अधिकचिन्ह पाण्यात उतरलं आणि मला खोलीत ओल्या मातीचा वास आला. खरंच आला. तेलुगू आणि उर्दू पाट्यांची अक्षरं उलटी होऊन विरघळत होती आणि वाचता येत नव्हती म्हणून जास्तच सुंदर दिसत होती. भाजीच्या पिशवीखाली थोडा पिवळा उजेड हलत होता. मी पंखा बंद केला, उगाच. थंडी वाजत होती मला, मे महिन्यात. असं झालं की काम जमलं समजावं.

काकू आल्या. मी खिडकीचा पडदा ओढला आणि कॉम्प्युटरवर फोटो उघडला. त्यांनी तोंडावर हात ठेवला. "अगं बाई, असंच, अगदी असंच म्हणायचे ते," म्हणाल्या. मी फुगले. मग त्यांची नजर चकाकत्या रस्त्यावरून खाली खाली आली आणि तिथंच थांबली.

"हे कुठं गेले?"

मला कळेना. त्यांनी फोटोच्या खालच्या कडेला बोट ठेवलं. "इथं होते ना. कोपरं बाहेर काढून उभे. माझ्यासोबतचा त्यांचा हा एकच फोटो आहे गं. दरवेळी कॅमेरा त्यांच्याच हातात."

माझे कान तापले. वीस वर्षं मी लोकांच्या सावल्या पुसत आले, त्यांतली एकही कुणाची म्हणून बघितली नव्हती. नशिबानं मूळ फोटो खालच्या थरात शाबूत होता. मी सावली परत आणली, पण ओल्या काळ्या रस्त्यावर ती दिसेचना. गडद केली तर तेल सांडल्यासारखी दिसली. मी काकूंना समजावू लागले, की दिवा मागे असला की ओला रस्ता त्याचा उजेड पुढं फेकतो, आपल्याकडं परत देत नाही, मग सावली पडणार कशी. निसर्गच तसा आहे.

काकूंनी निसर्गाचं सगळं ऐकून घेतलं.

"मग त्यांच्यापुरता रस्ता कोरडा ठेव," त्या म्हणाल्या.

तसं होत नाही, हे माझ्या ओठांवर आलं होतं. मी गिळलं. ओल्याचा थर खालच्या कडेला पुसायला घेतला. आधी धुळकट राखाडी डांबर वर आलं, मग त्यावर कोपरं आली, मग डोकं, डोक्याशेजारी लोंबणारी कॅमेऱ्याची पट्टी. झाडाखाली राहतो तसा एक कोरडा तुकडा सोडला आणि त्याच्या कडा जरा दमट केल्या. कुणी जाणकार म्हणेल, की बाई, चुकलंय. म्हणू दे.

काकू खुर्ची ओढून फोटोला नाक लागेल इतक्या जवळ बसल्या. मग डोळे पुसून माझ्याकडं वळल्या.

"आयुष्यात कधी छत्री नेली नाही त्यांनी," त्या म्हणाल्या. "बघ, तरी भिजले नाहीत."