सात नंबरच्या टेबलावरचं नाव

मेधाचं जमुनाबाईंकडे पहिल्यांदा लक्ष गेलं ते त्या भांडायला आल्या तेव्हा. पीथमपुरच्या त्या रबरी सीलच्या कारखान्यात मेधाला नोकरीला लागून चारच दिवस झाले होते. तपासणीच्या चौदा टेबलांवरून किती खराब नग सुटून पुढे गेले, ते आकडे रोज एक्सेलमध्ये भरायचे आणि आठवड्याला त्यांचा चार्ट काढायचा, हे तिचं काम. पहिला चार्ट तिनं फळ्यावर लावला आणि दुपारी एक ठेंगणीशी, पन्नाशी ओलांडलेली बाई हातातले मोजे काढत तिच्यासमोर येऊन उभी राहिली.

"हे टी-सात म्हणजे कोण?"

"टेबल नंबर सात, काकू."

"टेबल सील तपासतं का? सव्वीस वर्षं मी तपासतेय. गेटपासवर नाव आहे माझं, जमुनाबाई दत्ताजी शितोळे. तेवढं लिहायला काय होतं?"

मेधाला हसू आलं, पण पटलंही. दुसऱ्या आठवड्यापासून तिनं चौदाही जणींची गेटपासवरची पूर्ण नावं खाली घातली. चार्ट चांगला हातभर रुंद छापला. प्रत्येक खांबाखाली आपापलं नाव, स्वच्छ. त्या दिवशी बायका डबे खाऊन झाल्यावर फळ्याशी थांबल्या आणि आपलं नाव बोट लावून वाचत बसल्या.

पुढे धारहून येणाऱ्या शिफ्टच्या बसमध्ये दोघींची जागा शेजारी झाली. जमुनाबाईंचं आयुष्य मेधाला तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं. सासऱ्यांकडे देवळाची पूजा होती, नवरा लवकर गेला, मुलीला शिकवून देवासला दिली. रोज सकाळी निघताना त्या देवापुढे दिवा लावत आणि चष्म्याची काच पदरानं पुसत. त्या चष्म्यावरच त्यांची भाकर होती. सीलच्या कडेवर केसाएवढा चरा असला, तरी त्यांच्या डोळ्यांतून सुटत नसे.

मग दिवाळीनंतर इंदूरचे पियुष सर नवे मॅनेजर म्हणून आले. त्यांनी फळा काढला आणि दाराशी भिंतीवर मोठा टीव्ही लावला. त्यावर सहा चौकटी: उत्पादन, हजेरी, वीज, कँटीन, अपघात आणि एका कोपऱ्यात, पोस्टकार्डाएवढ्या जागेत, तपासणी. मेधाचा चार्ट आता थेट तिथे दिसे.

एका सोमवारी सकाळच्या मीटिंगमध्ये, साठ माणसं उभी असताना, पियुष सरांनी कागद वाचला. "पिछले हफ्ते टेबल सातवरून एकतीस खराब नग पुढे गेले. जमुनाबाई शितोळे उद्यापासून पॅकिंगला. वय झालं की नजर जाते, त्यात वाईट वाटून घ्यायचं नाही."

जमुनाबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. कुणीतरी मागे "अरेरे" म्हटलं, ते मेधाला थप्पड मारल्यासारखं लागलं. एकतीस? आकडे तिनं स्वतः भरले होते. सातच्या ओळीत दोन होते, दोन!

मीटिंग सुटल्यावर ती टीव्हीसमोर जाऊन उभी राहिली आणि बघतच राहिली. तिचा हातभर चार्ट त्या चौकटीत कोंबला होता. अक्षरं लहान झाली नव्हती, ती होती तेवढीच होती. लांबलचक नावं तिरपी होऊन खालची अर्धी जागा खाऊन बसली होती आणि खांबांना वर दोन बोटं पट्टी उरली होती. तिरपी करूनही नावं मावेनात, तेव्हा एकाआड एक नाव गाळलं गेलं होतं. एक, तीन, पाच, सात दिसत होते. सहा नंबरचा खांब सगळ्यांत उंच, पण त्याखाली नावच नाही. आणि सातचं तिरपं नाव आपल्या खांबापासून डावीकडे उतरत नेमकं सहाच्या खांबाखाली पसरलं होतं. आठ फुटांवरून कुणीही वाचलं असतं, एकतीस नग जमुनाबाईंचे.

ती तडक पियुष सरांच्या टेबलाशी गेली. जमुनाबाईंनाही तिनं हाताला धरून नेलं.

"सर, तुम्ही आकडे बघितले होते?"

"टीव्हीवर बघितलं ना मी. साफ दिसतंय."

"लॅपटॉपवर उघडा. त्या उंच खांबावर माऊस न्या."

त्यांनी नेला. छोटी चौकट उमटली: सहा, गुड्डी चौहान, एकतीस. शेजारच्या बुटक्या खांबावर नेला: सात, जमुनाबाई दत्ताजी शितोळे, दोन.

"टीव्हीला माऊस नाही, सर," मेधा म्हणाली. "आता ही चौकट ओढून मोठी करा."

चौकट रुंद होत गेली तशी गाळलेली नावं एकेक करून परत आली. लहान केली की पुन्हा गेली. जमुनाबाई वाकून बघत होत्या.

"म्हणजे जागा कमी पडली," त्या म्हणाल्या, "की आधी बाईचं नाव काढायचं. आणि दोष मात्र काढायचा नाही, तो आहे तेवढाच उंच ठेवायचा!"

"अरे काकी, सॉफ्टवेअर है, अपने आप करता है," पियुष सर ओशाळून हसले. "मेधा, नावंच छोटी कर ना. टी-सहा, टी-सात. झगडाच खतम."

"खबरदार," जमुनाबाई म्हणाल्या. "आणि त्या गुड्डीला काही बोलाल तर बघा. तिच्या टेबलावरची ट्यूबलाईट दहा दिवस लुकलुकतेय. मी दोनदा सांगितलंय. तिथं मलाही चरा दिसायचा नाही."

पियुष सरांनी सकाळी वाचलेला कागद काढून चुरगाळला. "हो गया, काकी. जा, बसा आपल्या टेबलावर."

"असं नाही. वाचलंत कुठं? साठ माणसांत. मग परतही तिथंच वाचा."

त्या दिवशी मेधा जेवायला उठली नाही. नावं गाळायची नाहीत असं तिनं आधी सेटिंगमध्ये लावून पाहिलं, तर चौदाही नावं एकमेकांवर चढून काळा लगदा झाला. मग तिनं खांब आडवे केले. नावं डावीकडे, सरळ, एकाखाली एक. पण चौकट बुटकी होती, तिथंही गर्दी झालीच. शेवटी ती पुन्हा सरांकडे गेली आणि म्हणाली, "कँटीनची चौकट काढा. तपासणीला वरपासून खालपर्यंत उंची हवी." कँटीनमध्ये किती समोसे गेले हे भिंतीवर कशाला लागतं, हेही तिनं विचारलं. सरांनी चौकट काढली.

दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये त्यांनी नवा कागद वाचला, भराभर, मान खाली घालून: सातवर दोन, एकतीस नग सहाचे, तेही खराब दिव्यामुळे, बदली रद्द. माफीचा शब्द त्यात नव्हता. मेधाचं रक्त पुन्हा उसळलं. साठ माणसांदेखत नजर गेली म्हणणारा माणूस "चूक झाली" एवढे दोन शब्द बोलू शकत नाही?

"राहू दे, बाळ," बसमध्ये जमुनाबाई म्हणाल्या. मग खिडकीबाहेर बघत, "राहू दे म्हणते, पण विसरणार नाही हो मी."

गुड्डीच्या टेबलावर नवी ट्यूबलाईट लागली. जमुनाबाई आजही सात नंबरच्याच टेबलावर बसतात. येता-जाता टीव्हीसमोर थांबून चौदाही नावं वरून खाली वाचतात आणि मग मोजे घालतात.