भावकू सरांची घरगुती रजा

निपाणीजवळच्या त्या मराठी हायस्कुलात भावकू सर कन्नड शिकवायचे. मूळचे जांबोटीचे. आईबाप कधीच गेलेले, भाऊबहीण कुणी नाही. शाळेमागच्या गल्लीत एक खोली, खोलीत एक खाट, एक स्टोव्ह, आणि मार्च-एप्रिलात खाटेखाली उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. गावात लोक त्यांना 'कन्नड सर' म्हणायचे. नाव घेऊन हाक मारणारं कुणी राहिलं नव्हतं.

आणीबाणी उठून एक-दोन वर्षं झाली असतील. वार्षिक परीक्षा संपत आली होती आणि पेपर तपासणीची धांदल सुरू होती. अशा दिवसांत भावकू सर रजेचा अर्ज घेऊन हेडमास्तरांपुढे उभे राहिले, तेव्हा हेडमास्तरांनी आधी चष्मा पुसला. माणूस चुकून दुसराच तर आला नाही ना, अशा नजरेनं त्यांनी एकदा वर पाहिलं.

हेडमास्तरांच्या तोंडी 'तत्त्वतः' हा शब्द पानातल्या चुन्यासारखा कायम असायचा. तत्त्वतः त्यांचा रजेला विरोध नव्हता. तत्त्वतः सरांनी इतक्या वर्षांत रजाच घेतलेली नव्हती, हेही त्यांना मान्य होतं. पण तपासणीच्या दिवसांत रजा द्यायची ती संस्थेच्या चेअरमनना विचारून, असा शाळेचा रिवाज. आणि अर्जाच्या खाली एक ओळ असायची : माझ्या गैरहजेरीत काम पाहणाऱ्या शिक्षकाची सही. ती ओळ कोरी होती.

कोरीच राहणार होती. गणिताचे सर बायकोच्या बाळंतपणाला गेले तेव्हा, हिंदीच्या बाईंच्या घरी वास्तुशांत होती तेव्हा, ड्रिलमास्तरांना बैलानं शिंग मारलं तेव्हा, त्या ओळीवर भावकू सरांची सही पडलेली होती. आता सरांचं काम बघायचं तर कन्नड वाचता यायला हवं. बाजारात भाव करण्यापुरतं सगळ्यांनाच यायचं. पण पोरांनी लिहिलेलं कन्नड, तेही निम्मं मराठी वळणाचं, ते तपासायचं म्हटल्यावर सगळे शिक्षक हात जोडायचे.

"सोमवारचाच दिवस पायजे काय ओ?" हेडमास्तरांनी विचारलं.

सोमवारचाच पाहिजे होता. जांबोटीत रवळू म्हणून सरांचा बालमित्र. त्याची बहीण जयाबाई लग्नानंतर दोनच वर्षांत विधवा होऊन माहेरी आलेली, गावातल्या बालवाडीत पोरं सांभाळायची. दिवाळीत सर गावी गेले असताना रवळूनंच दोघांच्या लग्नाचा विषय काढला होता. जयाबाई दारातून ऐकत होती, आत गेली नाही. मग गेल्या आठवड्यात रवळूचा निरोप आला. पिरनवाडीचा एक बिजवर मागणी घालून बसलाय. सोमवारी दोन्हीकडची वडीलधारी आमच्या पडवीत बसून काय ते एकदाचं ठरवणार. तुझ्या बाजूनं बोलायला दुसरं कोण हाय? तूच ये.

हे सगळं सरांच्या ओठापर्यंत आलं. पण स्टाफरूमचं दार उघडं होतं, आत ड्रिलमास्तर बसले होते, आणि चाळिशी गाठलेल्या माणसाच्या लग्नाची बातमी ड्रिलमास्तरांच्या तोंडी लागली की ती शिट्टीसकट गावभर फिरली असती. सर एवढंच म्हणाले, की अर्जात लिहिलंय. अर्जात लिहिलं होतं 'घरगुती कारणास्तव'.

नववीचा कन्नडचा पेपर वेळापत्रकात शेवटी, शनिवारी. सरांनी गठ्ठा संध्याकाळी खोलीवर आणला आणि रविवारी दुपारी गुण भरून गुणपत्रक हेडमास्तरांच्या घरी नेऊन दिलं. मग तोच अर्ज घेऊन चेअरमनच्या तंबाखूच्या वखारीवर गेले. चेअरमन भीमाप्पा आण्णा. प्रश्न स्वतःच विचारायचे, उत्तरही स्वतःच द्यायचे, समोरच्यानं फक्त मान हलवायची.

"या सर. पेपर तपासून झाले? झाले. गुण भरले? भरले. मग काम संपलं म्हटल्यावर रजा कशाला? आणि काम असंल तर रजा मिळंल कशी?" वखारीत बसलेले दोघं-तिघं हसले. आण्णांनी अर्ज डोळ्यांपासून लांब धरला. "घरगुती कारण. सर, घरगुती म्हणायला घर कुठं हाय ओ तुमचं?"

लोक पुन्हा हसले. सरही हसले. ही त्यांची जुनी खोड, आपल्यावरचा विनोद असला की सगळ्यांच्या आधी नाहीतर सगळ्यांच्या बरोबर हसायचं. म्हणजे एकटं पडायला होत नाही, असं त्यांना वाटायचं.

आण्णा माणूस वाईट नव्हता. त्यानं नीट समजावून सांगितलं. सोमवारी निकालाची बैठक. मराठी शाळेतली निम्मी पोरं कन्नडातच लटकणार, दोन-चार गुणांनी कुणाला वर काढायचं ते कन्नड सरांशिवाय कोण सांगणार? मंगळवारी खुशाल जा, दोन दिवस राहा. "एका दिवसानं काय बिघडतंय? काय न्हाय बिघडत."

सांगावं, आत्ता सांगावं, असं सरांच्या मनात आलं. समोरची माणसं अजून हसऱ्या तोंडानं बघत होती. तंबाखूच्या खकाण्यानं सरांना खोकला आला, आणि खोकून झाल्यावर ते म्हणाले, "व्हय आण्णा."

सोमवारी बैठक झाली. हेडमास्तर एकेक नाव वाचायचे, तत्त्वतः हा मुलगा नापास आहे म्हणायचे आणि सरांकडे बघायचे. सर "चालंल" म्हणायचे. कुणाला तीन गुण, कुणाला चार. दुपारच्या चहालाच सगळं आटोपलं. बाकीच्यांनी भजी मागवली. सर खिडकीपाशी उभे होते. एवढ्यात तिकडं पडवीत घोंगडी अंथरली असेल, रवळू रस्त्याकडं बघत असेल. आत्ता निघावं तरी बेळगावात जांबोटीची गाडी गाठायची वेळ टळून गेलेली.

मंगळवारी ते बेळगावला उतरले, जांबोटीची गाडी धरली आणि दुपारी पोचले. पडवीतली घोंगडी झटकून दांडीवर टाकलेली होती. रवळू घरात नव्हता, सुपारी घेऊन पिरनवाडीला गेला होता. जाताना बहिणीला सांगून गेला होता, की आम्ही दिवस कलेपर्यंत थांबलो, वडीलधारी म्हणाली ज्याला यायचं असतं तो येतो.

जयाबाईनं पाण्याचा तांब्या पुढं ठेवला. मग चहा केला. चहा देऊन ती खांबाला टेकून उभी राहिली.

"काल का आला न्हाईसा?"

"रजा मिळाली न्हाय."

"मागितलासा न्हवं?"

"मागितली की."

"काय म्हणून मागितलासा?"

सरांनी बशीकडं बघितलं. "घरगुती कारण, असं लिवलं."

बाहेर बालवाडीची दोन पोरं बाईंना बोलवायला येऊन कुडाशी उभी होती. तिनं त्यांना हातानंच थांबा म्हटलं.

"जयाला बघायला चाललोय, असं म्हटला असतासा तर?" तिनं विचारलं. "न्हाय म्हटले असते?"

भीमाप्पा आण्णा न्हाय म्हटला नसता. हसला असता, वखार हसली असती, ड्रिलमास्तर वर्षभर हसले असते, आणि रजा मिळाली असती. सरांना हे उत्तर लख्ख ठाऊक होतं.

"हसले असते," ते म्हणाले.

"हसू द्यायचं की." जयाबाईनं रिकामी बशी उचलली. तिच्या आवाजात राग नव्हता. "मला वाटलं, तुमचं मन न्हाय. म्हणून मीबी व्हय म्हणून टाकलं."

मग ती पोरांचे हात धरून बालवाडीकडं गेली. परतीची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी होती आणि सरांची रजा त्याच्याही पुढं उरली होती. ते पडवीतून उठले नाहीत. लांबून बालवाडीतल्या पोरांचा गलका ऐकू येत होता आणि त्या गलक्यात एकेकाला नावानं हाक मारणारा जयाबाईचा आवाज. सर सगळी नावं ऐकत बसले.