तिसरं कोटेशन

आमचा जेवण पुरवण्याचा धंदा आहे, असं मी लोकांना सांगतो. बायकोचं म्हणणं, जेवण ती पुरवते, मी फक्त कोटेशनं पुरवतो. त्या वर्षी तिचं म्हणणं जास्त खरं होतं.

बेगडेवाडी स्टेशनजवळ आमचा भाड्याचा गाळा आहे. शेगड्या, पातेली आणि आंदर मावळातून येऊन पोळ्यांची बाजू सांभाळणाऱ्या एक मावशी. आसपासच्या कारखान्यांतल्या एकट्या राहणाऱ्या पोरांचे डबे आम्ही द्यायचो. त्यात गाळ्याचं भाडं निघायचं आणि आम्ही तिथंच जेवायचो, एवढाच नफा. गाळा टिकवायचा तर एखाद्या कंपनीचं काम मिळायलाच हवं होतं.

म्हणून मी उर्से ते तळेगाव एकही गेट सोडलं नाही. वॉचमनकडे नाव लिहायचं, खरेदी खात्यातल्या साहेबांची वाट बघायची, मेनू आणि दर लिहिलेलं कोटेशन द्यायचं. साहेब म्हणायचे, "छान आहे, कळवतो." हे 'कळवतो' मी इतक्या ठिकाणी ऐकलं की घरी पोरीनं "बाबा, भाजी आणाल का?" विचारलं तर तोंडातून तेच निघायचं.

मावशी एकदा लाटणं थांबवून म्हणाल्या, "भाऊ, लय लिवता तुमी. वाचतं का कोन?"

"वाचतात हो मावशी. विचार करतात."

"व्हय, आमचा बैल बी करतो. उठत न्हाई."

माझा मेहुणा लोणावळ्यात चिक्कीचं दुकान चालवतो. त्याची नजर माझ्यावर होती. "दाजी, गाळा सोडा आणि माझ्या गल्ल्यावर बसा. उन्हाळ्याच्या सुट्टीची गर्दी सुरू व्हायच्या आत सांगा, नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागेल." माणूस चांगला आहे. पण बायकोच्या धाकट्या भावाच्या हाताखाली, त्याच्या दुकानाचं नाव छापलेला टीशर्ट घालून बसायचं, ही कल्पना माझ्या पोटाच्या आकाराला झेपणारी नव्हती. आणि गाळा सोडला तर बायकोची पातेली माळ्यावर जाणार होती. तेच मला जास्त लागत होतं.

मग मी घाबरलो. घाबरलेला माणूस भाव पाडतो. एका दुपारी मी सगळ्या कोटेशनांतला थाळीचा दर चांगलाच खाली आणला आणि नव्यानं प्रिंट काढून आणले. बायकोनं एक कागद वाचला, घडी घातली, काही म्हणाली नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी तिचं काही न म्हणणं म्हणजे होकार, अशी माझी समजूत अधूनमधून होतेच.

दुसऱ्या दिवशी जेवायला बसलो. ताटात दोन पोळ्या, भात, आणि वरण. वरणात डाळ होती, पण ती भेटायला आल्यासारखी. भाजीत बटाटा एकीकडे आणि रस्सा दुसरीकडे.

"पापड?" मी विचारलं.

"तो जुन्या दरात होता."

"आणि कोशिंबीर?"

"ती पण."

"तिसरी पोळी तरी वाढ."

"पोळी वाढते. पण मग दर वाढवा."

पदराआड हसता हसता मावशींना ठसका लागला. मी ते ताट संपवलं आणि अर्ध्या तासानं डब्यातली चकली शोधत फिरलो. दुपारी बायको एवढंच म्हणाली, "असं जेवण देऊन काम मिळालं तर महिन्यात जाईल, आणि परत कुठं तोंड दाखवता येणार नाही. लोक का नाही म्हणतायत तेच आपल्याला माहीत नाही. आधी ते विचारा. दराला हात नंतर लावू."

नवे प्रिंट पाठकोरे म्हणून पोरीच्या गणिताला गेले.

ज्यांनी ज्यांनी 'कळवतो' म्हटलं होतं त्या सगळ्यांना मी एकच निरोप पाठवला. बायकोनं सांगितला तसाच: 'साहेब, आमचं कोटेशन आपल्या कामाचं नसेल तर तसं मोकळेपणानं कळवा. वाईट वाटणार नाही. कारण कळलं तर आम्हाला शिकता येईल.' 'वाईट वाटणार नाही' हे वाक्य खोटं आहे, असं माझं मत होतं. ते विचारात घेतलं गेलं नाही.

आणि काय सांगावं, नकार यायला लागले. इतके दिवस एक शब्द न बोलणारी माणसं नाही म्हणायला धावत आली. एकानं कळवलं, आमच्याकडे कॅन्टीनच नाही. एकाचा करार पुढच्या वर्षापर्यंत बांधलेला होता. त्याचं नाव वहीत पुढच्या वर्षाच्या पानावर गेलं. एकाला आमचा गाळा लहान वाटला, आणि तो लहान आहेच. दर जास्त म्हणणारे निघाले, पण अगदी थोडे. मी मात्र इतके दिवस सगळे त्यासाठीच गप्प आहेत असं धरून बसलो होतो. पहिला नकार आला तेव्हा आम्ही चहा केला. मावशी म्हणाल्या, "न्हाई म्हनलं म्हनून च्या? हितं उलटंच हाय समदं."

उर्शाजवळच्या एका कारखान्यातल्या साहेबांनी मात्र भेटायला बोलावलं. मी लागोपाठ तीन वर्षं तिथं कोटेशन दिलं होतं. ते थोडे ओशाळलेले होते.

"त्याचं असं आहे," ते म्हणाले, "खरेदी करताना आम्हाला तीन कोटेशनं फाईलला लावावी लागतात. काम कुणाला द्यायचं ते बहुतेक वेळा ठरलेलंच असतं."

"मग आमचं?"

"तुमचं तिसरं. तुमचं फार नीटनेटकं असतं हो. फाईल चांगली दिसते."

तीन वर्षं मी त्यांची फाईल सजवत होतो. दर निम्मा केला असता तरी ते तिसरंच राहिलं असतं. मला रडू यायला हवं होतं, पण हसूच आलं. त्यांनाही आलं. हसणाऱ्या माणसाला प्रश्न विचारता येतो.

"सध्याच्या कॅन्टीनवाल्यांकडून काय होत नाही?" मी विचारलं.

साहेबांनी जरा विचार केला. "उपवास. सोमवार, गुरुवार, चतुर्थी. आमच्याकडे उपवासवाले बरेच आहेत. थोड्या ताटांसाठी वेगळी शेगडी पेटवायला ते तयार नाहीत. केळी आणि वेफर्स देतात. दर उपवासाला कुणीतरी माझ्यापाशी तक्रार घेऊन येतं."

थोडी ताटं हा आमचा प्रांत. भगर, दाण्याची आमटी, बटाट्याची भाजी, ताक. कमीत कमी अमुक ताटं घ्यायचीच आणि आदल्या दिवशी आकडा कळवायचा, एवढ्या दोन अटी घालून मी तिथंच दर सांगितला.

"थोडं बघा की," साहेब म्हणाले.

माझी जीभ कमी करायला वळलीच होती. पण डोळ्यांपुढे ते वरण आलं.

"बघतो ना. ताक काढू का? मग कमी होईल."

"नको, ताक राहू द्या."

"मग दरही राहू द्या."

पुढच्या सोमवारी पहिली ताटं गेली. काम मोठं नव्हतं, पण ठरलेलं होतं, आणि गाळ्याचं भाडं आता डब्यांच्या छातीवर बसत नव्हतं. बाकीची कोटेशनं जातच राहिली, त्याच दरानं. फक्त आता मी देण्याआधी विचारतो, साहेब, आम्ही तिसरे का? बरेच जण प्रामाणिकपणे हो म्हणतात आणि माझा कागद वाया जायचा वाचतो.

मेहुण्याला मी लोणावळ्याला जाऊनच सांगितलं, की गल्ल्यावर दुसरा माणूस बघ. तो नाराज झाला नाही. म्हणाला, "बरं दाजी, मग माझ्या दुकानातल्या पोरांचं दुपारचं जेवण तुम्हीच द्या. घरचाच माणूस, दर बघून लावा."

बायको शेजारी उभी होती. म्हणाली, "कोटेशन पाठवते."

ते पाठवून पंधरवडा झाला. त्यानं "ताई, कळवतो" म्हटलंय. सख्खा भाऊ असला तरी आठवण दोनदाच करायची, तिसऱ्यांदा नाही, असं तिनं ठरवलंय. दर तोच आहे.